पासबुकाच्या फोटोतून कर्जाचा हिशेब

कर्ज मागायला गेलं की पहिल्याच भेटीत सहा महिन्यांचा खातेउतारा मागितला जातो. बरेच जण पासबुकाची पानं पलंगावर ठेवून मोबाइलने फोटो काढतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतात. समोरचा माणूस त्या फोटोंमधून तीन गोष्टी शोधतो. खात्यात सरासरी किती पैसे राहतात, पगार किती आणि किती नेमाने येतो, आणि आधीचे हप्ते किती जातात. मग तो सांगतो, ‘एवढंच कर्ज बसेल’. हा आकडा कुठून आला हे अर्जदाराला बहुधा कळत नाही.

ते तिन्ही आकडे अर्जदाराला स्वतः काढता येतात, आणि अर्ज करण्याआधीच काढावेत असं मी म्हणेन. कारण अर्ज केला की बँक किंवा वित्तसंस्था आपला पतअहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. चार ठिकाणी अर्ज करून तीन ठिकाणी नकार मिळाला, तर पाचव्या ठिकाणचा अधिकारी त्या चारही चौकश्या पाहतो.

फोटोवरून हिशेब करताना पहिली शंका येते ती आकडे नीट वाचले गेले का, याची. पासबुकाची छपाई फिकट असते, पानाच्या मधल्या घडीत आकडे दबतात, कुठे शिक्का बसलेला असतो. १ चा ७ दिसतो, ३ चा ८ होतो. मोबाइलमधल्या अक्षरं ओळखणाऱ्या सोयीने फोटोतला मजकूर उतरवून घेतला तरी याच चुका होतात, आणि १,२०५.०० मधला टिंब पुसट असेल तर त्याचे सरळ १,२०,५०० होतात. पण खातेउताऱ्यात चूक पकडण्याची सोय आधीपासूनच आहे, ती म्हणजे शिलकीचा रकाना. आधीच्या ओळीतली शिल्लक, वजा नावे पडलेली रक्कम, अधिक जमा रक्कम, म्हणजे या ओळीतली शिल्लक. प्रत्येक ओळ मागच्या ओळीला अशी बांधलेली असते. हा बांध तपासल्याशिवाय फोटोतल्या एकाही आकड्यावर विसंबू नये.

उदाहरणासाठी एक खातं घेऊ. समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम करणाऱ्या एका कामगाराला घराचं छप्पर बदलायला कर्ज हवं आहे. त्याच्या पासबुकातलं जुलै महिन्याचं पान असं आहे. १ जुलैला आरंभीची शिल्लक ४,२०० रुपये.

| तारीख | तपशील | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| ५ जुलै | पगार | | २८,५०० | ३२,७०० |
| ५ जुलै | दुचाकीचा हप्ता | ४,१५० | | २८,५५० |
| ७ जुलै | वैयक्तिक कर्जाचा हप्ता | ६,२०० | | २२,३५० |
| ८ जुलै | एटीएम | १०,००० | | १२,३५० |
| १० जुलै | एसआयपी | १,००० | | ११,३५० |
| १२ जुलै | किराणा, यूपीआय | ३,१५० | | ८,२०० |
| २० जुलै | पत्नीच्या खात्यातून | | ५,००० | १३,२०० |
| २१ जुलै | रोख काढली | १०,००० | | ३,२०० |

खऱ्या पासबुकात तपशील इतका सुटसुटीत नसतो. पगारासमोर `NEFT` आणि कंपनीचं अर्धवट कापलेलं नाव असतं, हप्त्यासमोर `ACH` किंवा `NACH` आणि मागे लांबलचक क्रमांक. पण सांगाडा हाच.

हे आकडे संगणकावर किंवा मोबाइलवर तक्त्यात भरायचे. A मध्ये तारीख, B मध्ये तपशील, C मध्ये नावे, D मध्ये जमा, E मध्ये शिल्लक. दुसऱ्या ओळीत १ जुलै ही तारीख आणि आरंभीची शिल्लक. मग तिसऱ्या ओळीसमोर हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढायचं:

```
=E2-C3+D3-E3
```

सगळं बरोबर वाचलं असेल तर प्रत्येक ओळीसमोर शून्य येतं. जिथे शून्य येत नाही तिथे चूक आहे, आणि आलेला आकडाच ती कसली चूक आहे ते सांगतो. समजा ८ जुलैची शिल्लक १२,३५० ऐवजी ७२,३५० वाचली गेली. त्या ओळीसमोर उणे ६०,००० येतील आणि लगेच पुढच्या ओळीसमोर अधिक ६०,०००. एकाच रकमेचा फरक लागोपाठ दोन ओळींत उलटसुलट आला, की शिल्लक वाचण्यात चूक झालेली असते. किराण्याचे ३,१५० हे ८,१५० असे वाचले गेले, तर फक्त त्याच ओळीत ५,००० चा फरक पडेल आणि पुढे सगळं सुरळीत चालेल, म्हणजे चूक व्यवहाराच्या रकमेत आहे. पत्नीकडून आलेले ५,००० चुकून नावेच्या रकान्यात गेले, तर फरक दुप्पट, म्हणजे १०,००० दिसेल. आणि ६,२०० चे २,६०० झाले तर फरक ३,६०० येईल, ज्याला ९ ने पूर्ण भाग जातो. फरकाला ९ ने भाग गेला की आधी अंकांची अदलाबदल झाली आहे का ते पाहावं, ही जुन्या हिशेबनिसांची रीत इथेही चालते.

एखादी ओळच फोटोत आली नसेल, तर फरक बरोबर त्या ओळीच्या रकमेएवढा येतो. पान उलटताना हे हमखास होतं. मागच्या पानाची शेवटची शिल्लक पुढच्या पानाच्या आरंभीच्या शिलकीशी जुळलीच पाहिजे. जुळली नाही, तर मध्ये पान राहिलं आहे किंवा पासबुक बरेच दिवस न भरल्यामुळे बँकेने मधले व्यवहार एकत्र करून एकाच ओळीत छापले आहेत. अशा एकत्रित नोंदीत आकडे जुळतात, पण पगार कोणता आणि हप्ता कोणता हे कळत नाही. तिथे फोटोचा उपयोग संपतो आणि शाखेतून पूर्ण उतारा घ्यावा लागतो.

या बांधालाही मर्यादा आहे. तो रकमा तपासतो, तारखा तपासत नाही. १२ जुलैची तारीख १७ जुलै वाचली गेली तर एकही ओळ बिघडणार नाही. १० आणि २० च्या मध्ये १७ बसते, त्यामुळे क्रमही बरोबर दिसेल. पण सरासरी शिल्लक ५०० रुपयांहून अधिक वाढेल, कारण ३,१५० रुपये खात्यात पाच दिवस जास्त राहिले असा हिशेब होईल. शिवाय काही तक्त्यांत महिना आधी लिहिण्याची पद्धत बसवलेली असते आणि 05-07 ही ५ जुलै न राहता ७ मे होते. म्हणून तारखांचा रकाना डोळ्यांनी, बोट ठेवून वाचावा. त्याला दुसरा उपाय नाही.

आता सरासरी. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. सरासरी काढायची ती दिवसाअखेरच्या शिलकीची, ओळींची नव्हे. एखादी शिल्लक खात्यात जितके दिवस राहिली, तितक्या दिवसांनी तिला गुणायचं. आपल्या उदाहरणात ४,२०० रुपये चार दिवस राहिले, २८,५५० दोन दिवस, २२,३५० एक दिवस, १२,३५० दोन दिवस, ११,३५० दोन दिवस, ८,२०० आठ दिवस, १३,२०० एक दिवस आणि ३,२०० पुरे अकरा दिवस. या सगळ्या गुणाकारांची बेरीज २,५७,६५०. तिला ३१ ने भागलं की ८,३११ रुपये. ५ जुलैला पगारानंतर ३२,७०० दिसले, पण हप्ता त्याच दिवशी गेला. दिवसाअखेर ते खात्यात नव्हते, म्हणून ते धरायचे नाहीत. तक्त्यात हे काम एका सूत्राने होतं:

```
=E2*(A3-A2)
```

हे दुसऱ्या ओळीपासून खाली ओढायचं. एकाच तारखेच्या दोन ओळी असल्या तर पहिलीचे दिवस आपोआप शून्य होतात. फक्त शेवटी १ ऑगस्टची एक ओळ घालायची, म्हणजे महिनाअखेरचे दिवस सुटणार नाहीत.

घाईत लोक आठ ओळींतल्या आठ शिलकी बेरजेत घेऊन आठाने भागतात. तसं केलं तर उत्तर १६,४८७ येतं, खऱ्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. कारण पगारानंतरच्या दोन-चार दिवसांत व्यवहारांची गर्दी असते आणि नंतरचे कोरडे दिवस एकाच ओळीत बसतात. माणूस १६,००० धरून अर्ज करतो आणि बँकेला ८,००० दिसतात.

त्यात आणखी एक बारकावा आहे. अनेक कर्जसंस्था रोजची शिल्लक न धरता ठरावीक तारखांची शिल्लक पाहतात. ५, १०, १५, २० आणि २५ या तारखा धरल्या तर आपल्या माणसाची सरासरी १२,९०० येते. १०, २० आणि ३० धरल्या तर ९,२५०. खातं तेच, महिना तोच. म्हणून कोणत्या तारखा धरता, हे अर्ज देतानाच विचारून घ्यावं. हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही. याच खात्यात २० तारखेला पत्नीकडून ५,००० आले आणि दुसऱ्याच दिवशी रोख निघाली. ठरावीक तारखेच्या पद्धतीत अशा एका दिवसाच्या जमेने सरासरी फुगते, आणि अनुभवी अधिकारी नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवतो. घरातलेच पैसे इकडून तिकडे फिरवून शिल्लक वाढवण्याचा सल्ला काही एजंट देतात. तो ऐकू नये. रोजच्या शिलकीची सरासरी काढली की तो फुगवटा लगेच बसतो.

पगाराचं गणित सोपं दिसतं, पण त्यात एक मोठा खड्डा आहे. आपल्या माणसाकडे १ मार्च ते ३१ ऑगस्टचा उतारा आहे. पगार दर महिन्याच्या ५ तारखेला येतो. मार्चमध्ये २७,९०० आले, जूनमध्ये ओव्हरटाइममुळे ३१,२०० आणि बाकी महिन्यांत २८,५००. गणपती ऑगस्टच्या शेवटी आले म्हणून कंपनीने ऑगस्टचा पगार २५ तारखेलाच दिला. त्यामुळे सहा महिन्यांच्या उताऱ्यात पगाराच्या सात जमा आहेत आणि त्यांची बेरीज २,०१,६०० आहे. सहाने भागलं तर महिना ३३,६०० दिसतो. खरा आकडा सातने भागून येतो, २८,८००. म्हणून उताऱ्यातले महिने मोजू नयेत, कोणत्या महिन्याचा पगार ते प्रत्येक जमेसमोर लिहावं आणि तेवढ्यांनीच भागावं. दिवाळीचा बोनस, मागील फरकाची रक्कम, प्रवासखर्चाची भरपाई हेही कंपनीच्याच नावाने जमा होतं. ते मासिक उत्पन्नात धरत नाहीत. मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेलं छोटं कर्ज खात्यात आलं की तेही जमेसारखंच दिसतं, पण ते उत्पन्न नव्हे. त्याच्यामागून हप्ता येतोच.

हप्ते ओळखण्याची खूण म्हणजे ठरावीक तारीख, ठरावीक रक्कम आणि `ACH`, `NACH` किंवा `SI` अशी अक्षरं. पण याच वाटेने एसआयपी आणि विम्याचा हप्ताही जातो. तो कर्जाचा हप्ता नाही, बचत आहे, आणि तपशिलात म्युच्युअल फंडाचं किंवा विमा कंपनीचं नाव शोधल्याशिवाय हा फरक कळत नाही. आपल्या उदाहरणात कर्जाचे हप्ते ४,१५० आणि ६,२००, मिळून १०,३५०. एसआयपीचे १,००० त्यात नाहीत.

परत गेलेला हप्ता हे वेगळं प्रकरण आहे. खात्यात पैसे नव्हते म्हणून हप्ता गेला नाही, तर काही पासबुकांत तो आधी नावे पडून लगेच जमा झालेला दिसतो, काहींत फक्त दंड दिसतो. दंडाची रक्कम विचित्र असते. समजा बँकेचा आकार ५०० रुपये असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागून ५९० होतात. अशी न गोळाबेरजेची रक्कम हप्त्याच्या तारखेच्या आसपास दिसली की तिथे हप्ता परत गेला असं समजावं. दोन-तीन दिवसांनी तोच हप्ता पुन्हा वसूल झालेला असतो, म्हणून हप्ते मोजताना तो दोनदा मोजला जाऊ नये. पण परतीची नोंद लपवूही नये. कर्ज देणारा ती सर्वांत आधी पाहतो, आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७ च्या कलम २५ नुसार पुरेशा शिलकीअभावी हप्ता परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. एखाद्या महिन्यात पगार उशिरा झाल्यामुळे असं घडलं असेल, तर त्या महिन्याची पगारपावती सोबत ठेवावी.

आणि एक हप्ता खातेउताऱ्यात कधीच दिसत नाही. तो पगारातून परस्पर कापला जाणारा, कामगारांच्या किंवा नोकरदारांच्या पतसंस्थेचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये अशा कपातीची तरतूद आहे. कपात होऊन उरलेला पगारच खात्यात येतो, त्यामुळे फोटोत तिचा मागमूस नसतो. ती फक्त पगारपावतीवर दिसते. आपल्या माणसाच्या पगारातून पतसंस्थेच्या कर्जापोटी दरमहा २,५०० कापले जातात असं धरू. क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी घेतलेला फ्रिजही असाच कार्डाच्या बिलात लपलेला असतो. चारही पतमापन संस्थांना वर्षातून एकदा ज्याचा त्याला पूर्ण पतअहवाल फुकट द्यावा लागतो. तो एकदा काढून उताऱ्यावरच्या हप्त्यांशी ताडून पाहिला की बाकीचे हप्ते सापडतात. पतसंस्थेचं कर्ज मात्र त्यात असेलच असं नाही, तिथे पगारपावतीच बघावी.

आता छपरासाठी किती कर्ज बसतं ते पाहू. समजा कर्ज देणाऱ्याचा नियम असा, की सगळे हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. ही मर्यादा संस्थेगणिक आणि उत्पन्नागणिक वेगळी असते. २८,८०० चे निम्मे १४,४००. त्यातून १०,३५० गेले की नव्या हप्त्यासाठी ४,०५० उरतात. पाच वर्षांच्या मुदतीला आणि १२ टक्के व्याजाला एका लाखाचा हप्ता साधारण २,२२४ रुपये येतो, म्हणजे कर्ज १ लाख ८२ हजारांच्या आसपास. पगार चुकून ३३,६०० धरला असता, तर हाच आकडा २ लाख ९० हजार आला असता आणि माणसाने तेवढ्या खर्चाचा पत्रा, लोखंड ठरवून ठेवलं असतं. उलट एसआयपीला हप्ता समजलं असतं तर १ लाख ३७ हजारांवर येऊन अडकला असता.

पगारपावती पुढे आली की चित्र पुन्हा बदलतं. पतसंस्थेचे २,५०० पगारात परत मिळवले तर पगार ३१,३००, निम्मे १५,६५०, आणि हप्ते झाले १२,८५०. उरतात २,८००, म्हणजे कर्ज सव्वा लाखाच्या आसपास. फोटोवरून निघालेला अंदाज आणि अधिकाऱ्याने सांगितलेला आकडा यांत फरक पडतो तो पुष्कळदा इथेच.

फोटो काढायचाच तर उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल पानाच्या बरोबर वर धरून काढावा. एका फोटोत एकच पान, चारही कोपरे दिसतील असं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो दाबला जात नाही आणि ३ चा ८ होण्याची शक्यता कमी होते. खाते क्रमांक असलेलं पहिलं पान अनोळखी एजंटला पाठवू नये. नुसत्या अंदाजाला त्याची गरज नसते. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोटोंच्या किंवा संपर्कांच्या यादीची परवानगी मागितली तर देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक सूचनांनुसार अ‍ॅपने मोबाइलमधल्या फाइली आणि संपर्कयादी बघायची नसते.

प्रत्यक्ष मंजुरीसाठी मात्र फोटो पुरत नाही, आणि ते योग्यच आहे. शिलकीचा बांध बेरीज-वजाबाकी तपासतो. आकडे मुळात बँकेने छापले की कोणी फोटोत बदलले, हे त्याला कळत नाही. म्हणून कर्जसंस्था नेटबँकिंगवरून उतरवलेली पीडीएफ मागतात, किंवा खातेदाराच्या संमतीने अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत बँकेकडून थेट माहिती घेतात. ही पद्धत रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम करून आखली आणि २०२१ मध्ये बँकांनी वापरायला घेतली. संमती देताना किती महिन्यांची माहिती आणि किती काळासाठी, हे पडद्यावर लिहिलेलं असतं. ते वाचूनच पुढे जावं.

आपल्या माणसाच्या दुचाकीचे हप्ते जानेवारीत संपतात असं धरलं, तर त्याने फेब्रुवारीचा उतारा हाती आल्यावर अर्ज करावा. ४,१५० चा हप्ता गेला की नव्या हप्त्यासाठी २,८०० ऐवजी ६,९५० उरतात आणि त्याच व्याजाला, त्याच मुदतीला ३ लाख १२ हजारांपर्यंत कर्ज बसतं. तोवर दुचाकीच्या कर्जसंस्थेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा, आणि पतअहवालात ते खातं बंद दिसतंय का ते पाहावं. छप्पर तर मेमध्येच बदलायचं आहे, तेवढी सवड त्याच्याकडे आहे.